यमुनेकडून : एका कथेच्या चार खर्ड्यांची हकिकत

पहिल्या खर्ड्याच्या दुसऱ्या पानावर हे वाक्य होतं : "त्या रात्री त-४१७ने स्वतःचं नाव ठेवलं. मुक्ता." मी तिथे पेन्सिल खाली ठेवली आणि उरलेली कथा दुसऱ्या दिवशी वाचली.

दिवाळी अंकासाठी आलेली ती कथा होती. लेखिका सव्वीस वर्षांची, कोल्हापूरकडची. कथेतल्या वसाहतीत माणसांना नावं नाहीत, कोड आहेत. मनगटावर काळ्या रेघांचा ठसा असतो आणि दारोदारी तो यंत्राला दाखवावा लागतो. त-४१७ ही बाई तळघरात सापडलेल्या जुन्या पुस्तकात नावं वाचते, त्यातलं एक स्वतःसाठी निवडते, भिंतीवर लिहिते आणि पकडली जाते. शेवटी भर चौकात ती आपलं नाव ओरडून सांगते आणि गर्दीतून एकामागून एक माणसं आपापली नावं ओरडू लागतात. भाषा स्वच्छ, वेग चांगला. तरी कथा जिवंत वाटत नव्हती. का वाटत नव्हती ते मलाही लगेच सांगता आलं नाही. पुढचे तीन महिने फोनवर आणि दोनदा समोरासमोर बसून आम्ही तिच्यावर काम केलं, त्याची ही नोंद.

मी पहिला प्रश्न विचारला तो अगदी साधा होता. "मुक्ता म्हणजे मोकळी, हे तिला कुणी सांगितलं?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "कुणीच नाही, ताई. मला माहीत होतं."

दुखणं तिथेच होतं. नाव नायिकेने निवडलं नव्हतं, लेखिकेने वाचकासाठी निवडलं होतं. जिने आयुष्यात नाव ऐकलेलंच नाही ती अर्थ बघून नाव कसं निवडेल? अर्थ बघणं ही नावांच्या सुकाळात राहणाऱ्यांची चैन आहे. हा दोष ओळखायची एक सोपी युक्ती आम्ही करून पाहिली. खर्ड्यात सगळीकडे 'मुक्ता' काढून 'सुमन' घातलं आणि कथा परत वाचली. चौकातला प्रसंग तिथल्या तिथे कोसळला. सगळा शेवट नावाच्या अर्थावर तोलला होता, घटनेवर काहीच नव्हतं. नाव बदलल्यावर कथा पडत असेल तर ते नाव घोषणेचं काम करत होतं असं समजावं.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटली. त-४१७ नाव ठेवते, मनात घोळवते, भिंतीवर लिहिते, ओरडते. पण अख्ख्या कथेत तिला त्या नावाने कुणी हाक मारत नाही. आपल्याकडे नाव स्वतःच्या तोंडून सुरूच होत नाही. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेते, कुर्र करते आणि नाव सांगते, मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं जातं तेही नवऱ्याच्या हाताने, आणि कित्येक बायकांचं माहेरचं नाव त्या ताटातच संपलं. चांगलं असो की जाचाचं, नाव येतं ते दुसऱ्याकडून.

लेखिका यावर अडून बसली. "ती स्वतः निवडते हाच तर माझ्या कथेचा मुद्दा आहे. आत्या नाही, नवरा नाही, सरकार नाही. तुम्ही तोच काढून घेताय." तिचं म्हणणं मला पटलं, आणि माझंही सुटेना. बऱ्याच वादानंतर ठरलं ते असं : निवड तिची एकटीची, पण कथा संपायच्या आत ते नाव दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून आलं पाहिजे. चौक, गर्दी, आरोळी हे सगळं काढायचं. एक हाक, एवढंच ठेवायचं. पुढचं सगळं काम त्या एका हाकेपर्यंत पोचायचा रस्ता शोधण्याचं होतं.

कोडाचं काय करायचं

मनगटावरच्या काळ्या रेघा आधी गेल्या. त्या सिनेमातून आल्या होत्या आणि त्यांना वास नव्हता, स्पर्श नव्हता. मी तिला विचारलं, कपड्यावर न जाणारी खूण आपल्याकडे कशाने करतात? तिला माहीत होतं, कारण तिच्या आजोळी परीट घरी यायचा. बिब्ब्याने. बिब्ब्याच्या फळाच्या टरफलात चिकट रस असतो. सुई टोचून तो काढतात आणि कपड्याच्या कडेला टिपका किंवा रेघ देतात. आधी खूण तपकिरी दिसते, हवा लागली की काळी पडते, चुन्याने पक्की होते आणि मग कितीही धुतली तरी जात नाही. हाच रस अंगाला लागला की फोड येतात.

त-४१७ला त्यामुळे एक काम मिळालं. पहिल्या खर्ड्यात ती नुसतीच 'नागरिक' होती. आता ती धुलाई खात्यात कपड्यांच्या पट्ट्यांवर बिब्ब्याने कोड घालते आणि उरलेल्या वेळात दगडावर कपडे आपटते. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर कायम फोड असतात. नाव अंगावर गोंदून घेण्याचा एक प्रसंग लेखिकेने लिहून ठेवला होता, तो तिने स्वतःच खोडला. ज्याचे फोड रोज सोसायचे त्या रसाने ही बाई हौसेने अंगावर काही लिहिणार नाही, हे तिला हाताला काम दिल्यावरच कळलं.

मग प्रश्न आला तो कोड बदलण्याचा. मी वसतिगृहात होते तेव्हा आमच्यातल्या एकीच्या खाटेचा नंबर बावीस होता. सहा महिन्यांत तिचं नाव बावीस झालं. आज ती आजी झाली आहे आणि आम्ही अजून तिला बावीसच म्हणतो, तिच्या नातवंडांसमोरसुद्धा. माणसांना आकडे द्या, ती आकड्यांची नावं करून टाकतात. शेवटचे दोन अंक धरतात, त्यांना ओढून लांबवतात, लाडाने तोडतात. त-४१७चं वर्षभरात 'सतरी' होईल. मग वसाहतीला हे कसं चालेल?

खरोखर घडलेली एक गोष्ट इथे कामी आली. कॅनडाच्या उत्तरेकडे राहणाऱ्या इन्युइट लोकांना सरकारने १९४१पासून गळ्यात घालायचे छोटे गोल बिल्ले दिले. त्यावर एक अक्षर आणि आकडे असत. पूर्वेकडच्यांना एक अक्षर, पश्चिमेकडच्यांना दुसरं. या लोकांत आडनावं नव्हती, एकच नाव मुलाला किंवा मुलीला दोघांनाही चालायचं, आणि सरकारी फॉर्मात ते बसेना म्हणून हा बिल्ला. पुढे तीसेक वर्षांनी ते आकडे मागे पडले. एब ओकपिक या इन्युइट माणसाने वस्त्यावस्त्यांतून फिरून लोकांची आडनावं नोंदवली. पण ज्या वर्षांत गळ्यात आकडा होता त्या वर्षांतही घरात बाळाला नाव मिळत होतं, तेही आधी वारलेल्या एखाद्या माणसाचं. मग त्या मृत माणसाचं जे नातं असेल त्या नात्याने घरची माणसं बाळाला हाक मारायची. आजीचं नाव मिळालेल्या तान्ह्या पोराला आई 'आई' म्हणायची.

लेखिकेला मी हे सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "म्हणजे कोड देऊन नाव जात नाही. हाक बंद करावी लागते." दुसऱ्या खर्ड्यात तिने तेच केलं. वसाहतीत कोड दर वर्षी बदलतो, म्हणजे कुणाच्या जिभेवर तो बसायच्या आत जातो. आणि बिब्बा धुऊन निघत नसल्यामुळे दर वर्षी प्रत्येक कपड्याची खुणेची पट्टी उसवायची आणि नवी शिवून तिच्यावर नवा कोड घालायचा. त-४१७चं काम कधी संपत नाही ते यामुळे. कुणी कुणाला कोडाखेरीज दुसऱ्या कशानेही हाक मारली तर दोघांचंही पाणी निम्मं होतं, आणि ऐकून गप्प बसणाऱ्याचंही. शिक्षा भयानक नाही. ती रोजची आहे, म्हणून मला खरी वाटली.

आलं, आला, आली

दुसरा खर्डा वाचताना मराठीने आमची कोंडी केली. कोडाला लिंग नाही. पण आपल्या क्रियापदाला लागतं. 'त-४१७ आली' म्हटलं की माणूस अर्धा कळलाच. ज्या राज्याने माणसाचं नाव पुसलं ते राज्य 'आला' आणि 'आली' कसं राहू देईल? लेखिकेने वसाहतीत सगळ्यांना नपुंसकलिंग करून टाकलं. हजेरीवाला म्हणतो, "त-४१७ आलं?" आणि उत्तर येतं, "त-४१७ हजर आहे." 'मी' म्हणायची सोय नाही, कारण 'मी आलो, मी आले' म्हणताच लिंग डोकावतं. (लेखिका स्वतः, त्यांच्याकडच्या मुलींसारखी, फोन ठेवताना "येतो, ताई" म्हणते. हा नियम तिला माझ्याआधी सुचला याचं मला नवल वाटलं नाही.)

मला एक शंका होती. नपुंसकलिंग मराठीत तुच्छतेचं असतंच असं नाही. लेकरू आलं, पोरगं झोपलं, यात केवढी माया असते. गोव्यात कोंकणीत तरण्या मुलीलाही नपुंसकलिंगातच बोलतात आणि त्यात कमीपणा काही नसतो. मग 'त-४१७ थांबलं' या वाक्यातून नकळत जिव्हाळा पाझरणार नाही का? पाझरला. पण तो आम्ही राहू दिला. हुकमाने आणलेलं रूप माणसांच्या तोंडात जाऊन मऊ होतं, हे कथेला धरूनच होतं.

यातून कथेचा सांधा मिळाला. नाव निवडेपर्यंत निवेदक तिच्याबद्दल नपुंसकलिंगात सांगतो आणि निवडल्याच्या पुढच्या वाक्यापासून स्त्रीलिंगात. कुठेही स्पष्टीकरण नाही, नुसतं क्रियापद बदलतं. मात्र ही कळ कुठे बसवायची ते जपून ठरवावं लागलं. 'त-४१७ने पातेलं उचललं' आणि 'यमुनेने पातेलं उचललं' यांत क्रियापद पातेल्याच्या मागे जातं, कर्त्याचं लिंग दिसतच नाही. दुसऱ्या खर्ड्यात बदल अशाच एका वाक्यावर आला होता आणि तो मलाही वाचताना कळला नाही. वाक्य अकर्मक हवं. उठणं, थांबणं, हसणं, बसणं. तिने 'उठणं' घेतलं.

पातेल्याचा तळ

आता नाव. पुस्तक बाद झालंच होतं. मी लेखिकेला विचारलं, तुमच्या घरात जुन्या माणसाचं नाव कुठे कुठे दिसतं? फोटोंच्या मागे, सातबाऱ्यावर, दाराच्या पाटीवर, असं ती सांगत गेली. दोन दिवसांनी तिने एका फोटोचा संदेश पाठवला. घरच्या पितळी तांब्याचा तळ. आपल्याकडे लग्नात भांडी देताना नाव घालून देतात. आता दुकानात विजेच्या सुईने घालतात, पूर्वी छिन्नीने ठिपका ठिपका टोचून अक्षर काढायचे. देणाऱ्याचं नाव, मागे 'कडून' आणि तारीख. ज्याच्या घरात भांडं आहे त्याचं नाव त्यावर बहुधा नसतंच.

'कडून' या शब्दाने कथा उघडली. शब्दयोगी अव्यय लागलं की नावाचं सामान्यरूप होतं. यमुना, पण यमुनेकडून. गोपाळ, पण गोपाळाकडून. आणि हीच रूपं, यमुने, गोपाळा, संबोधनाची आहेत. ज्या बाईला नाव म्हणजे काय तेच ठाऊक नाही ती तळावरचा शब्द वाचून 'कडून' बाजूला काढेल, कारण 'धुलाई खात्याकडून' अशा पावत्या ती रोज बघते. तिच्या हातात उरेल 'यमुने'. ती त्यालाच नाव समजेल. नकळत ती स्वतःला हाक मारत असेल.

आज शहरात बरेच लोक 'यमुनाकडून' म्हणतात आणि नाव जागचं हलू देत नाहीत. म्हणून भांडं जुनं हवं आणि त्यावरची भाषाही. घरच्या तांब्यावर वेगळं नाव होतं. कथेसाठी आकारान्त, आधीच्या पिढीतलं नाव आम्ही शोधलं. गंगा घेऊन पाहिलं, तिचं 'गंगे' फारच घाटावरचं वाटलं. 'यमुने'लाही आंघोळीच्या श्लोकाचा थोडा नाद आहे, पण तो ज्याला ऐकू येईल त्याला येईल, कथेत त्याचा उल्लेख नको असं ठरलं.

निवडीचा प्रसंग लेखिकेने तिसऱ्या खर्ड्यात लिहिला. वितळवायला आलेल्या ढिगातली मोठी पातेली धुलाई खात्याला सोडा उकळायला मिळतात. तळावर काजळीचा थर आहे, म्हणून अक्षरं आजवर कुणाच्या नजरेला पडलेली नाहीत. तो प्रसंग इथे देते :

"त-४१७ने राख घेऊन तळ घासला. काजळीखालून ठिपके निघाले. आधी एक अक्षर आणि टिंब : सौ. मग सहा अक्षरं. मग आकडे : १२-५-६१. त-४१७ला नवल वाटलं नाही. टिंबाचं अक्षर म्हणजे खातं. आकडे म्हणजे माणूस. मधली सहा अक्षरं कशाची तेवढं कळेना.

दुसरं पातेलं घासलं. यावर खातं नव्हतं. अक्षरं वेगळी होती. आकडे होते १२-५-६१.

त-४१७ थांबलं. दोन्ही पातेली शेजारी शेजारी उपडी ठेवली आणि बोटाने आकडे परत मोजले. एक आकडा दोघांना देत नाहीत. हजेरीत तसं झालं तर घंटा होते, सगळे उभे राहतात, चूक सापडेपर्यंत पाणी मिळत नाही. इथे घंटा झाली नव्हती. दोघं एकाच आकड्यात सुखाने होती.

म्हणजे आकडा माणसाचा नव्हता. माणूस अक्षरांत होतं."

लग्नाची तारीख एकच, भेट देणारी माणसं दोन. वाचकाला ते क्षणात कळतं. तिला लग्न म्हणजे काय हेही माहीत नाही, तरी ती बरोबर ठिकाणी पोचते. हा तर्क लेखिकेचा स्वतःचा, मी फक्त तारखेच्या मागे लिहिलेला एक परिच्छेद काढायला सांगितला. त्यात त-४१७ 'आपणही कुणीतरी आहोत' असा विचार करत होती. पातेली शेजारी ठेवून बोटाने आकडे मोजणारं माणूस आपोआप कुणीतरी असतं, ते वेगळं सांगावं लागत नाही.

मग दोनांतून एक, यमुने की गोपाळा. राज्याने आला-आलीच पुसल्यामुळे कुठलं नाव बाईचं आणि कुठलं बाप्याचं हे तिला कळायला मार्ग नाही. अर्थ तर नाहीच नाही. तरी निवड झाली पाहिजे आणि ती तिचीच वाटली पाहिजे. लेखिकेने इथे कोडाचा उपयोग केला. वसाहतीतले कोड 'क'पासून 'प'पर्यंतच्या अक्षरांनी सुरू होतात, आणि 'ग' हे फाटकावरच्या पहारेकऱ्यांचं अक्षर आहे. गोपाळा म्हणायला तोंड उघडलं की आधी फाटक दिसतं. 'य' कुठल्याच खात्याचं नाही.

"य, असं त-४१७ने हळूच म्हणून पाहिलं. या अक्षराला कुणी मालक नव्हता. यमुने. पातेल्यात पाणी ओतलं, चुलीवर चढवलं.

यमुने उठली."

तीन दिवस आणि एक हाक

इथपर्यंत आल्यावर लेखिकेला वाटलं कथा झाली. मला हाक हवी होती. गुपित ठेवलेलं नाव दुसऱ्याला कळणार कसं? चोरून डायरी वाचणं, झोपेत बरळणं, हे सगळं आम्ही बोललो आणि सोडून दिलं. उत्तर तिच्या कामातच होतं. कपडे आपटताना घाटावर एवढा आवाज असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. यमुने प्रत्येक आपटीच्या आवाजाखाली आपलं नाव म्हणते. चांगला महिनाभर. एका दुपारी मध्येच सुट्टीचा भोंगा होतो, सगळे दगड एकदम थांबतात, आणि तिचं वाक्य उघड्यावर पडतं : "मी यमुने."

शेजारच्या दगडावर एक म्हातारी आहे, न-०६०. ती मान वर करत नाही. पुढचे तीन दिवस कथा जवळजवळ काहीच करत नाही. म्हातारी तक्रार करते का, पाणी निम्मं होतं का, एवढंच यमुने बघत राहते. चौथ्या खर्ड्यात हा भाग लेखिकेने लांबवला आणि तो लांबवणं बरोबर होतं. रोज संध्याकाळी पाण्याचं माप भरताना मापाच्या कडेवर तिची नजर असते. पाणी काठोकाठ येतं. तिच्या छातीतली धडधड लिहिण्यापेक्षा मापाची कड लिहिलेली जास्त काम करते.

म्हातारी कोण, हे ठरवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. क्रांतिकारक नको होती. शेवटी ती नावं होती त्या काळातली शाळेतली व्याकरणाची बाई झाली. पण कथेत असं कुठेच म्हटलेलं नाही. ते तिच्या बोलण्यातूनच कळतं. चौथ्या दिवशी, हातातला कपडा न सोडता :

"'यमुना,' न-०६० म्हणालं.

यमुनेचा हात हवेत राहिला.

'यमुना. हाक मारताना यमुने.' कपडा दगडावर आपटला. 'प्रथमा, यमुना.' आपटला. 'द्वितीया, यमुनेला.' आपटला. 'तृतीया, यमुनेने. पंचमी, यमुनेहून. षष्ठी, यमुनेचा, यमुनेची, यमुनेचं.' चतुर्थी गाळली होती, ती मागाहून आठवली, तीही यमुनेला. 'सप्तमी, यमुनेत.'

घाटाच्या पायऱ्यांवर बूट वाजले. न-०६० गप्प झालं. बूट दोन दगडांमधून गेले, हौदापाशी थांबले, परत आले, वर चढले.

यमुने वाट बघत होती. अजून एक राहिली होती.

'यमुने,' म्हातारी म्हणाली, 'पाणी सोड गं.'"

'न-०६० म्हणालं' इथून 'म्हातारी म्हणाली' इथपर्यंतचा प्रवास कुणाच्या लक्षात येईल की नाही हे मला सांगता येत नाही. माझ्या लक्षात आला तेव्हा मी तो परिच्छेद तीनदा वाचला. विभक्तीचा तक्ता आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ओरडून पाठ केला आहे, आणि संबोधन त्यात कायम शेवटी येतं. मुलं तोवर कंटाळलेली असतात. इथे तेच ऐकायला माणूस जीव मुठीत धरून बसतं.

म्हातारीने चतुर्थी आधी गाळावी ही लेखिकेची कल्पना. मी आधी ती चूक समजून दुरुस्त केली होती. ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी म्हणतेय ती, ताई. एक तरी विसरेल." मी माझी दुरुस्ती मागे घेतली.

एक गोष्ट मला अजून खटकते. दर वर्षी कोड बदलतो, मग न-०६०चा कोडही बदलणार आणि त्या दोघी पुढच्या वर्षी शेजारच्या दगडांवर असतील कशावरून? खात्याचं अक्षरच वेगळं असताना त आणि न एकाच घाटावर कशा, हाही प्रश्न आहे. म्हाताऱ्यांना सगळ्या खात्यांतून घाटावर पाठवतात, असं एक वाक्य लेखिकेने घातलं. ते काम भागवतं, पण ठिगळ आहे हे दिसतं. याहून बरं आम्हाला सुचलं नाही.

कथेचं नाव 'यमुनेकडून' ठेवलं. अंक छापायला गेला, मुद्रितं आली आणि मी ती लेखिकेला न वाचताच पाठवली. रात्री साडेदहाला तिचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं. मुद्रितशोधकाने, अत्यंत मन लावून, कथेतली चुकीची कर्तारूपं सुधारली होती. 'मी यमुने'चं 'मी यमुना' झालं होतं, 'यमुने उठली'चं 'यमुना उठली'. एकूण सात ठिकाणी. त्यामुळे म्हातारीच्या तोंडचं "यमुना. हाक मारताना यमुने" हे वाक्य कुणाला काय सांगतंय तेच कळेनासं झालं होतं. दोष माझा होता. असं रूप मुद्दाम ठेवलं आहे, अशी चिठ्ठी हस्तलिखिताला मी जोडायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छापखान्यात जाऊन बसले आणि सातही ठिकाणी 'ना'चा काना खोडून वर मात्रा दिली. समासात प्रत्येक वेळी लिहिलं, 'असंच हवं'. मुद्रितशोधक शेजारी उभे होते. सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी शेवटचं पान उचललं, घाटाचा प्रसंग वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मग चतुर्थी मी आत घातलीय तीही काढा."